मुलांना काय कबूल करायचं?

आठवीच्या मुलांसाठी वीस मिनिटांची प्रश्नावली, विषय शाळेतली चिडवाचिडवी. एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा हा अर्ज आमच्या एथिक्स कमिटीपुढे आला. मुलांसाठीच्या माहितीपत्रकात पहिलंच वाक्य होतं, 'तू जे सांगशील ते कुणालाही कळणार नाही.' वाक्य मायेनं लिहिलेलं होतं, तरी आम्ही ते काढायला लावलं.

कारण प्रश्नावलीच्या शेवटी 'कुणी नकोसा स्पर्श केला आहे का?' असंही विचारलं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणजे एखाद्या मुलीनं विश्वासानं लिहिलं, तर हिला दिलेला शब्द मोडावा लागणार. प्रश्नावलीवर नाव नसेल तर आणखी वाईट, कारण मग उत्तर वाचूनही मदत कुणाला करायची ते कळत नाही. तिच्या विषयाला त्या प्रश्नाची गरज नव्हती, म्हणून तिनं तो वगळला. पण मूल आपणहून काही सांगू शकतंच, त्यामुळे वाक्यही बदललं: 'तुझी उत्तरं शिक्षकांना दाखवणार नाही. पण तुला कुणी इजा करतंय असं कळलं, तर तुझ्या सुरक्षेसाठी ते सांगावं लागेल. त्याआधी तुझ्याशी बोलू.' शाळेच्या समुपदेशकांची वेळ आणि १०९८ हा क्रमांक त्याखाली आला.

दुसरी अडचण संमतीची होती. अर्जाला मुख्याध्यापकांचं पत्र जोडलेलं होतं, पण त्या पत्रानं फक्त वर्गाचं दार उघडतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागते, आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी चालतो, त्यापुढे लेखी. 'हरकत असल्यास कळवा' अशी चिठ्ठी घरी पाठवायचा तिचा बेत होता. अशी चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते, आणि पालकांच्या गप्प राहण्याला होकार म्हणता येत नाही. म्हणून सही घ्यायचं ठरलं. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांना त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा.

तरीही वर्गात 'मला नाही भरायचं' म्हणून हात वर करणं तेरा वर्षांच्या मुलाला जड जातं. सगळे लिहीत असतात, आणि समोर बाई उभ्या असतात. मला तिची यावरची सोय फार आवडली. वर्गशिक्षिका बाहेर थांबणार. प्रत्येकाला सारखाच बंद लिफाफा मिळणार, त्यात प्रश्नावलीबरोबर एक शब्दकोडं. नको असेल त्यानं कोडं सोडवावं. वीस मिनिटांनी सगळे लिफाफे चिकटवून एकाच पेटीत टाकायचे, म्हणजे कुणी काय भरलं ते शेजारच्यालाही दिसत नाही.