गाउट आणि मद्यपान

गाउट हा रक्तातील यूरिक आम्लाचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिल्याने होणारा सांध्यांचा विकार आहे. या आम्लाचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत साचतात आणि त्यांच्याभोवती अधूनमधून तीव्र दाह उसळतो. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा रात्रीतून सुजणे, लाल होणे आणि त्याला पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणे, हे त्याचे परिचित रूप आहे. मद्यपानाने गाउट बळावतो ही समजूत फार जुनी आहे. बिअर, स्पिरिट (व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन इत्यादी ऊर्ध्वपातित मद्ये) आणि वाईन ही तिन्ही पेये यूरिक आम्लावर सारखाच परिणाम करत नाहीत, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे हळूहळू स्पष्ट झाले.

यूरिक आम्लाची उत्पत्ती आणि उत्सर्जन

प्यूरिन हा पेशींच्या केंद्रकाम्लांचा आणि ऊर्जावाहक रेणूंचा एक घटक आहे. शरीरातील पेशींची सतत झीज होत असते, त्यातून प्यूरिने मुक्त होतात. काही प्यूरिने अन्नपेयांतून येतात. त्यांचे विघटन होत होत शेवटी यूरिक आम्ल तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचे विकर या आम्लाचे आणखी विघटन करते. मानवाच्या पूर्वजांत हे विकर उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले, त्यामुळे माणसाच्या शरीरात ही साखळी यूरिक आम्लापाशीच थांबते.

तयार झालेल्या यूरिक आम्लापैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्रावाटे आणि उरलेले आतड्यावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे जेवढे यूरिक आम्ल गाळतात, त्याचा फार मोठा भाग पुन्हा रक्तात शोषून घेतात. त्यामुळे या पुनःशोषणात थोडी वाढ झाली तरी रक्तातील पातळी चढते. ३७° सेल्सिअस तापमानाला यूरिक आम्ल प्रति डेसिलिटर सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले राहते. त्यापुढे स्फटिक बनण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. पायाच्या बोटांसारख्या थंड भागांत तर आणखी लवकर. मात्र पातळी वाढलेल्या सर्वांनाच गाउट होत नाही.

अल्कोहोलचा परिणाम

पेयात प्यूरिन नसले तरी केवळ अल्कोहोलमुळे यूरिक आम्ल वाढू शकते. याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींची सुरुवात यकृतात होते.

पहिल्या मार्गाने उत्पादन वाढते. यकृत अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइडमध्ये आणि मग ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. ॲसिटेटचा पुढे उपयोग होण्यासाठी ते सहविकर-एला जोडावे लागते आणि या जोडणीत एटीपी हा ऊर्जावाहक रेणू खर्ची पडतो. त्या वेळी एटीपीचे दोन फॉस्फेट गट एकदम निघून एएमपी उरतो. बराचसा एएमपी पुन्हा एटीपीत बदलला जातो. परंतु अल्कोहोलचा ओघ मोठा असेल तर त्याचा काही भाग विघटनाच्या वाटेला लागतो आणि हायपोझँथिन, झँथिन व शेवटी यूरिक आम्ल तयार होते. म्हणजे येथे यूरिक आम्लाचा कच्चा माल पेल्यातून येत नाही, तो शरीराच्या स्वतःच्या साठ्यातून येतो. फॉलर आणि फॉक्स यांनी १९८२ मध्ये गाउटच्या रुग्णांना अल्कोहोल देऊन केलेल्या अभ्यासात ही वाढलेली उलाढाल दाखवून दिली.

दुसऱ्या मार्गाने उत्सर्जन घटते. अल्कोहोलच्या विघटनामुळे यकृतातील रासायनिक समतोल बदलतो आणि पायरुव्हेटपासून लॅक्टेट जास्त प्रमाणात तयार होते. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये यूरिक आम्ल परत शोषणारा एक वाहक असतो. तो आत घेतलेल्या यूरिक आम्लाच्या बदल्यात लॅक्टेटसारखे रेणू बाहेर सोडतो. लॅक्टेट मुबलक असले की ही देवाणघेवाण वेगाने होते आणि मूत्रातून जाऊ पाहणारे यूरिक आम्ल रक्तात परतते. पुष्कळ मद्य पिऊन जेवण टाळल्यास उपासामुळे तयार होणारी कीटोन द्रव्येही याच दिशेने काम करतात.

बिअरमधील प्यूरिने

बिअर मोड आणलेल्या सातूच्या माल्टपासून यीस्टच्या साहाय्याने किण्वन करून बनते. सातू आणि यीस्ट या दोहोंच्या पेशींमधील प्यूरिने पेयात उतरतात. त्यांत ग्वानोसिन प्रमुख असून ते आतड्यातून सहज शोषले जाते. मांसाच्या तुलनेत बिअरमधील प्यूरिनाचे प्रमाण बेताचे असते. परंतु बिअर एका बैठकीत अर्धा ते एक लिटर प्यायली जाते आणि सोबतचे अल्कोहोल उत्सर्जनाचा मार्ग अडवून धरते. उत्पादन वाढणे, बाहेरून भर पडणे आणि निचरा कमी होणे या तिन्ही गोष्टी बिअरमध्ये एकत्र येतात. अल्कोहोल काढून टाकलेल्या बिअरनेही यूरिक आम्ल थोडे वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे.

स्पिरिट ऊर्ध्वपातनाने तयार होते. प्यूरिनांची वाफ होत नसल्यामुळे ती भट्टीच्या भांड्यातच राहतात, म्हणून व्हिस्की किंवा रममध्ये ती जवळजवळ नसतात. त्यांचा परिणाम मुख्यतः अल्कोहोलचा असतो. वाईनमध्येही प्यूरिनाचे प्रमाण अल्प असते.

तीन पेयांची तुलना

ह्योन चोई आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. अमेरिकेतील ४७,१५० पुरुष आरोग्य व्यावसायिकांचा त्यांनी १२ वर्षे मागोवा घेतला. त्या काळात ७३० जणांना नव्याने गाउट झाला. रोज ३५५ मिलिलिटर बिअर घेतल्यास गाउटचा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी आणि स्पिरिटचे एक प्रमाण घेतल्यास सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मध्यम प्रमाणात वाईन पिणाऱ्यांमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही.

त्याच वर्षी चोई आणि कुरहान यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील रक्ततपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजच्या एका प्रमाणामागे यूरिक आम्लात बिअरने प्रति डेसिलिटर ०.४६ मिलिग्रॅम, स्पिरिटने ०.२९ मिलिग्रॅम आणि वाईनने केवळ ०.०४ मिलिग्रॅम इतका सरासरी फरक आढळला.

हे आकडे वाचताना 'प्रमाण' म्हणजे किती, हे पाहणे आवश्यक ठरते. या अभ्यासांत बिअरचे एक प्रमाण ३५५ मिलिलिटर, तर स्पिरिटचे ४४ मिलिलिटर धरले आहे. भारतात बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची आणि 'लार्ज पेग' ६० मिलिलिटरचा असतो. समजा, एखाद्या व्यक्तीची मद्याशिवायची पातळी ६.४ मिलिग्रॅम आहे. तिने रोज एक मोठी बाटली घेतल्यास ती सुमारे १.८ प्रमाणे होतात आणि सरासरीच्या हिशेबाने पातळी ०.८ मिलिग्रॅमने वाढून ७.२ होते, म्हणजे ६.८ची मर्यादा ओलांडली जाते. रोज दोन लार्ज पेग व्हिस्की, म्हणजे सुमारे २.७ प्रमाणे घेतल्यासही वाढ जवळपास तेवढीच येते. मात्र ५ टक्के तीव्रतेच्या त्या बाटलीत अल्कोहोल सुमारे २६ ग्रॅम आणि ४२.८ टक्के तीव्रतेच्या दोन पेगांत सुमारे ४० ग्रॅम असते. कमी अल्कोहोल असूनही बिअर बरोबरी गाठते, ती प्यूरिनांमुळे. 'स्ट्राँग' म्हणून विकली जाणारी ८ टक्के तीव्रतेची बिअर असेल, तर एका बाटलीतच सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते आणि हा समतोलही उरत नाही. वरील हिशेब लोकसमूहाच्या सरासरीवर आधारलेला आहे. व्यक्तिगणिक प्रत्यक्ष वाढ कमीअधिक असते.

झटका आणि वाईनविषयीचा गैरसमज

वाईनने पातळी फारशी वाढत नाही, यावरून ती गाउटच्या रुग्णासाठी निर्धोक आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो योग्य नाही. गाउट नव्याने होणे आणि आधीच गाउट असलेल्या व्यक्तीला झटका येणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. रुग्णाच्या सांध्यांत स्फटिक आधीच साचलेले असतात. पातळीतील अचानक चढउतार त्यांना विचलित करण्यास पुरेसा ठरतो.

तुहिना निओगी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये गाउटच्या ७२४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक रुग्णाच्या झटक्यापूर्वीच्या २४ तासांची तुलना त्याच रुग्णाच्या झटका नसलेल्या काळाशी केली होती. त्यामुळे वाईन पिणारे लोक मुळातच वेगळ्या राहणीचे असतात, ही शंका येथे लागू पडत नाही. बिअर, स्पिरिट आणि वाईन या तिन्हींनंतर झटक्याची शक्यता वाढलेली आढळली. २४ तासांत दोन ते चार प्रमाणे घेतल्यास ती सुमारे दीडपट झाली.

वाईनचा ऐतिहासिक लौकिकही वेगळ्या कारणाने गुंतागुंतीचा आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पोर्ट ही पोर्तुगीज वाईन आणि गाउट यांची जोडी प्रसिद्ध होती. त्या काळच्या मद्यांत शिशाचा अंश असे. शिसे मूत्रपिंडांना इजा करते आणि यूरिक आम्लाचा निचरा मंदावतो. गाउटच्या रुग्णांच्या रक्तात जादा यूरिक आम्ल असल्याचे १८४८ मध्ये दाखवणारे आल्फ्रेड गॅरड यांनीही आपल्या रुग्णांत नळकाम आणि रंगकाम करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याचे नोंदवले होते.

निदान आणि उपचारातील स्थान

झटका चालू असताना रक्तातील यूरिक आम्ल कधीकधी सामान्य दिसते. त्या अहवालावरून गाउट नाही असे ठरवल्यास निदान चुकते. म्हणून झटका ओसरल्यावर दोनएक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. सांध्यातील द्रवात ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसणे हा खात्रीचा पुरावा होय. सांध्यात जंतुसंसर्ग झाल्यासही अशीच सूज येते, त्यामुळे ताप असलेल्या रुग्णात हा द्रव तपासणे विशेष महत्त्वाचे असते.

मद्य मर्यादित करण्याचा किंवा टाळण्याचा सल्ला सर्वच रुग्णांना दिला जातो. बिअर सोडून व्हिस्की घेतल्याने प्यूरिनांची भर टळते, परंतु अल्कोहोलचे दोन्ही परिणाम कायम राहतात. दुसऱ्या बाजूने, यूरिक आम्लाची पातळी ठरवण्यात आनुवंशिकता आणि मूत्रपिंडांची कार्यक्षमता यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे मद्य अजिबात न घेणाऱ्यांनाही गाउट होतो, आणि मद्य सोडूनही अनेकांची पातळी ६ मिलिग्रॅमच्या खाली जात नाही. वारंवार झटके येणाऱ्या अशा रुग्णांना ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. झँथिनपासून यूरिक आम्ल बनवणाऱ्या विकराला ती रोखतात. पातळी वेगाने उतरल्यानेही झटका येऊ शकतो, म्हणून औषध अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवले जाते. या सुरुवातीच्या काळातील झटक्याला औषधाचे अपयश समजून ते मध्येच थांबवल्यास पातळी पुन्हा चढते आणि स्फटिक साचणे चालूच राहते.