वक्त्यांचा परिचय : अध्यक्षांच्या वाचनासाठी लेखन

प्रस्तावना

सभेच्या कामकाजासाठी जे लेखन करावे लागते, त्यात पाहुण्या वक्त्यांचा परिचय हा आकाराने सर्वांत लहान प्रकार आहे. येथे आपण त्याच्या एका विशिष्ट रूपाचा विचार करणार आहोत. परिचय तुम्ही लिहिता, परंतु तो सभेत वाचतात अध्यक्ष. लिहिणारा एक, उच्चारणारा दुसरा आणि ज्यांच्याविषयी हे लिहिले जाते ते तिसरेच, अशी ही रचना आहे. या लेखनातील बहुतेक चुका या तिहेरी नात्याचा विसर पडल्यामुळे होतात.

परिचयाचे काम

परिचयाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. हा विषय आज या श्रोत्यांपुढे का आहे? आणि त्यावर बोलण्याचा या व्यक्तीचा अधिकार कोणता? या दोन्ही उत्तरांना उपयोगी न पडणारी माहिती कितीही गौरवास्पद असली, तरी ती परिचयात येत नाही. जन्मस्थळ, शिक्षणाचा क्रम, भूषविलेली पदे, पुरस्कारांची यादी हे सारे जीवनवृत्ताचे घटक आहेत. जीवनवृत्त ही साधनसामग्री असते आणि परिचय ही तिच्यातून केलेली निवड असते.

वेळेचा विचारही येथेच करावा. सभेत सावकाश वाचणारी व्यक्ती मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द वाचते. परिचय एक ते दीड मिनिटात संपावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे तुमच्या हाती सव्वाशे ते दीडशे शब्द आहेत. त्यांत सात-आठ तपशिलांपेक्षा अधिक मावत नाहीत.

एक उदाहरण

सरावासाठी एक प्रसंग कल्पू. साल २०१६. एका महाविद्यालयाच्या मराठी वाङ्मय मंडळात ‘विज्ञानकथेतील विज्ञान’ या विषयावर व्याख्यान आहे. वक्ते आहेत डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५). आपल्यापुढील जीवनवृत्तात पुढील नोंदी आहेत : कोल्हापूर येथे जन्म; बनारस हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर केंब्रिज येथे शिक्षण; फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धांत; १९६५ साली पद्मभूषण; १९७२ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापन व संशोधन; १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’ या पुण्यातील संस्थेचे संस्थापक-संचालक; विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार; २००४ साली पद्मविभूषण; मराठीत विज्ञानकथा व कादंबऱ्या; ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार.

ही यादी जशीच्या तशी वाचली, तर तिच्यातील प्रत्येक विधान खरे असूनही परिचय फसेल. श्रोत्यांना थोर व्यक्ती आल्याचे कळेल, पण आज त्यांच्याकडून काय ऐकायचे आहे ते कळणार नाही. म्हणून विषय समोर ठेवून निवड करू. विषय विज्ञान आणि कथा यांच्या सीमेवरचा आहे. तेव्हा विज्ञानाच्या बाजूचे दोन तपशील आणि कथेच्या बाजूचे तीन-चार तपशील पुरेत. मसुदा असा होईल :

“मित्रहो, आजचा विषय आहे ‘विज्ञानकथेतील विज्ञान’. कथा रंगावी म्हणून विज्ञानाला किती वाकवायचे, हा प्रश्न विज्ञानकथा लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे असतो. आजच्या वक्त्यांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे.

ते खगोलशास्त्रज्ञ आहेत. केंब्रिज येथे फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत एका अपरिचित लेखकाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे नाव टोपण होते. कथेचा निर्णय कथेवरूनच व्हावा, म्हणून आजच्या वक्त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेतली होती. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘वामन परत न आला’ ही कादंबरी त्यांनी मराठीला दिली. त्यांच्या आत्मचरित्राला दोन हजार चौदा सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

‘विज्ञानकथेतील विज्ञान’ या विषयावर आपले विचार मांडण्याची विनंती आहे, डॉ. जयंत नारळीकर यांना.”

मसुद्याचे परीक्षण

हा परिचय सुमारे सव्वाशे शब्दांचा आहे. त्याचा आरंभ विषयापासून होतो, व्यक्तीपासून नव्हे. पहिल्या परिच्छेदात एक प्रश्न उभा राहतो आणि पुढचे दोन परिच्छेद, त्या प्रश्नावर बोलण्याचा या वक्त्यांचा अधिकार दाखवतात. प्रश्नाचे उत्तर मात्र परिचयात दिलेले नाही. ते वक्त्यांचे काम आहे. व्याख्यानात काय सांगितले जाईल याचा अंदाज परिचयात बांधला, तर वक्त्यांचा आरंभच हिरावला जातो.

टोपणनावाचा प्रसंग केवळ रंजक म्हणून घेतलेला नाही. नामवंत शास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीचा आधार न घेता कथालेखक म्हणून स्वतःची परीक्षा करून घेतली, ही गोष्ट त्या एका प्रसंगातून कळते. ‘ज्येष्ठ’, ‘ख्यातनाम’, ‘अष्टपैलू’ यांसारखी विशेषणे जे सांगू शकत नाहीत, ते असा तपशील सांगतो. म्हणूनच मसुद्यात गौरवाची विशेषणे जवळजवळ नाहीत.

पद्मविभूषण हा मोठा सन्मान गाळल्याचे तुम्हाला खटकेल. तो अध्यक्षांना आवश्यक वाटला, तर दुसऱ्या परिच्छेदाच्या अखेरीस एका वाक्यात येऊ शकतो. मात्र ‘पद्मविभूषण डॉ. नारळीकर’ असे लिहू नये. पद्म पुरस्कार ही उपाधी नव्हे आणि ती नावाच्या मागेपुढे जोडायची नसते, हा शासकीय दंडक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने उपाध्या रद्द केल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानेही या पुरस्कारांबाबत हीच भूमिका घेतलेली आहे. आपल्या निमंत्रणपत्रिकांत आणि सभांत ही चूक वारंवार आढळते.

आता विषय बदलून पाहा. याच वक्त्यांचे भौतिकशास्त्र मंडळात विश्वाच्या उत्पत्तीवर व्याख्यान असते, तर कथास्पर्धा आणि आत्मचरित्र दोन्ही गळाली असती. हॉईल यांच्यासह केलेल्या संशोधनाला दोन-तीन वाक्ये मिळाली असती आणि विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली या सर्वमान्य मताला त्यांनी सातत्याने आव्हान दिले, हा मुद्दा मध्यवर्ती झाला असता. व्यक्ती तीच, पण परिचय दुसरा. यावरून एक कसोटी मिळते. लिहिलेला परिचय त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या विषयावरील व्याख्यानाला चालत असेल, तर निवड झालेली नाही. आणि नाव बदलून तो दुसऱ्या व्यक्तीला चालत असेल, तर तपशीलच नाहीत.

दुसऱ्याच्या तोंडी लिहिताना

वाक्ये कानासाठी लिहावीत. जीवनवृत्तात शोभणारे ‘येथून पदवी संपादन करून, तदनंतर रुजू होऊन’ असे लांबलेले वाक्य वाचताना अध्यक्षांचा श्वास मध्येच तुटतो. एका वाक्यात एकच माहिती द्यावी. साल अक्षरांत लिहावे. ‘१९७४’ पाहून ‘चौऱ्याहत्तर’ की ‘चौऱ्याऐंशी’ असा क्षणभर गोंधळ मराठी वाचकाचाही होतो. संस्थेचे नाव जसे उच्चारायचे तसेच लिहावे.

अध्यक्ष स्त्री की पुरुष, हे ध्यानात ठेवावे. ‘मी विनंती करतो’ हे वाक्य अध्यक्षाबाईंच्या हाती गेले, तर त्यांना भर सभेत क्रियापद दुरुस्त करावे लागते. मसुद्यातील ‘विनंती आहे’ ही रचना ही अडचण टाळते. ‘माझे जुने स्नेही’ यांसारखे वैयक्तिक उद्गार तुम्ही लिहू नयेत. ते नाते अध्यक्षांचे असेल, तर ते स्वतः बोलतील. आदरार्थी अनेकवचन आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे ठेवावे. ‘वक्ते’ म्हणून सुरुवात करून पुढे ‘त्याने’ येणे अक्षम्य ठरते. वक्त्या स्त्री असतील, तर क्रियापदेही त्यानुसार असावीत.

नाव शेवटी यावे. नाव उच्चारले जाताच टाळ्या वाजतात आणि वक्ते उठतात. नावानंतर आणखी दोन वाक्ये राहिली, तर ती टाळ्यांत बुडतात आणि वक्ते अर्धवट उठलेल्या अवस्थेत थांबतात.

पडताळणी

परिचयातील सर्वांत गंभीर चूक भाषेची नसून माहितीची असते. जुन्या पत्रिकेवरून घेतलेल्या मजकुरात निवृत्त व्यक्ती अद्याप पदावर असते. पद्मभूषण आणि पद्मविभूषण यांची अदलाबदल होते. दुसऱ्याचे पुस्तक वक्त्यांच्या नावे जाते. सभेत अशी चूक झाली, की वक्त्यांपुढे दोनच मार्ग उरतात : भाषणाच्या आरंभी अध्यक्षांना दुरुस्त करणे, किंवा खोटे श्रेय मुकाट्याने स्वीकारणे. दोन्ही अवघड आहेत आणि तो अवघडपणा तुमच्या लेखणीतून आलेला असतो. म्हणून मसुदा तीन-चार दिवस आधी वक्त्यांकडे पाठवावा आणि नावाचा उच्चार, सध्याचे पद व ग्रंथांची नावे यांची खात्री करून घ्यावी. एखादा उल्लेख त्यांना नको असेल, तर तोही तेव्हाच समजतो.

त्यानंतर मजकूर एका कागदाच्या एकाच बाजूवर, ठळक टंकात, परिच्छेदांमध्ये अंतर सोडून छापावा. आदल्या दिवशी तो अध्यक्षांच्या हाती द्यावा आणि शक्य असल्यास त्यांना एकदा मोठ्याने वाचावयास सांगावे. ते जेथे अडखळतील, तेथे शब्द बदलावा. अध्यक्षांचा दोष म्हणून ती अडखळ सोडून देऊ नये.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील ग्रंथालयात एखाद्या लेखकाचे व्याख्यान आहे, असे समजून त्यांच्या जीवनवृत्तातून सात तपशील निवडा. प्रत्येक तपशिलापुढे तो विषयाशी कसा जोडला जातो, हे एका वाक्यात लिहा.

२. त्या तपशिलांवरून सव्वाशे शब्दांचा परिचय लिहा. तो दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्या आणि घड्याळ लावून वेळ नोंदवा. वाचक जेथे अडखळला, ती वाक्ये पुन्हा लिहा.