पेल्यानंतरचे चोवीस तास

गटारीची रात्र आहे असं समजू. 48 वर्षांचा एक माणूस मित्रांबरोबर बसला आहे. त्याला उच्च रक्तदाब आहे, त्यासाठी तो रोज एक गोळी घेतो आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. कलेजी फ्राय, सुकटीची चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि 650 मिलीच्या दोन स्ट्राँग बिअर. मग मटणाचा रस्सा आणि भात. बारा वाजता तो आडवा होतो. दीडच्या सुमारास छातीत जळजळून जाग येते, घशाशी आंबट पाणी येतं. सकाळी डोक्याची उजवी बाजू ठणकते, उजेड सोसवत नाही, मळमळतं. तो रिकाम्या पोटी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेतो. दिवस कसाबसा जातो. दुसऱ्या रात्री तीन वाजता डाव्या पायाचा अंगठा असा पेटतो की चादरीचा स्पर्शही नको होतो.

घरात या तिन्हींना एकच नाव मिळतं: पित्त खवळलं. मद्य एकच होतं हे खरं, पण शरीरात त्यानं तीन निराळी कामं केली आणि प्रत्येकाला वेगवेगळा वेळ लागला. म्हणून अशा रुग्णाला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे, प्यायल्यावर किती तासांनी दुखलं?

त्याआधी प्यायला किती, ते पाहू. ‘मी फक्त बिअर घेतो’ हे वाक्य फसवं आहे. 8 टक्के मद्यार्काच्या 650 मिली स्ट्राँग बिअरमध्ये साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये ते 20 ग्रॅम असतं. म्हणजे या माणसानं चार लार्ज पेग घेतले होते.

सगळ्यात आधी आली ती जळजळ. अन्ननलिका जठराला जिथं मिळते तिथं स्नायूंची एक झडप असते, ती आम्ल वर येऊ देत नाही. अल्कोहोलनं ती सैल पडते आणि वर आलेलं आम्ल परत खाली ढकलणारी अन्ननलिकेची हालचालही मंदावते. बिअर आणि वाइन जठरातलं आम्ल वाढवतात. व्हिस्की किंवा रमसारखी कडक दारू आम्ल तितकं वाढवत नाही, पण झडप तीही सैल करते, शिवाय अस्तराला थेट चुरचुरते. त्यात तेलकट जेवणानं भरलेलं पोट, आणि लगेच आडवं होणं.

यावर उपाय वेळेचा आहे. शेवटचा घोट आणि शेवटचा घास झोपण्याच्या तीन तास आधी व्हायला हवा. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल वर यायला अवघड जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलावी. नुसत्या जास्त उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. प्यायल्यावर जळजळ सुरू झाली म्हणून ती घेतली तर त्या रात्रीपुरता फारसा उपयोग होत नाही, तेव्हा साधं अँटासिड जास्त लवकर काम करतं. मात्र छाती आवळल्यासारखी वाटत असेल, घाम फुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर अ‍ॅसिडिटी समजून वाट पाहू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. गिळताना अडकणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी यांनाही घरगुती उपाय नाही.

डोक्याचं दुखणं दोन प्रकारांनी येतं. काहींची अर्धशिशी पिताना किंवा पहिल्या तीन तासांतच उठते. इतरांची सकाळी, रक्तातलं अल्कोहोल शून्याकडे जात असताना. आपल्या माणसाची ही दुसऱ्या प्रकारची होती. अपुरी झोप आणि पाण्याची कमतरता तिला हातभार लावतात, पण केवळ पाणी पिऊन अर्धशिशी टळेलच असं नाही.

सगळ्यात बदनाम आहे रेड वाइन. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. रेड वाइननं डोकं उठतं असं मानणाऱ्या रुग्णांना चव आणि रंग लपवून काहींना वाइन, तर काहींना तितक्याच अल्कोहोलचा व्होडका दिला. वाइन घेतलेल्या 11 पैकी 9 जणांना अर्धशिशीचा झटका आला, व्होडकावाल्यांपैकी एकालाही नाही. म्हणजे त्या रुग्णांच्या बाबतीत दोष अल्कोहोलपलीकडच्या कशात तरी होता. पण 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांना विचारलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांनी अल्कोहोलला कारण ठरवलं. त्यांतही प्रत्येक वेळी रेड वाइननं हमखास झटका येतो असं सांगणारे फार थोडे निघाले. एकच पेय एका दिवशी पचतं आणि दुसऱ्या दिवशी नाही. जागरण, उपास, पाळी, ताण यांनी मेंदू आधीच उंबरठ्यावर आला असेल तर एक पेला पुरतो.

म्हणूनच अर्धशिशीच्या रुग्णाला सरसकट पथ्य सांगण्यापेक्षा वही ठेवायला सांगणं मला जास्त न्याय्य वाटतं. काय प्यायलं, किती, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती झाली, डोकं केव्हा उठलं, एवढंच दोन-तीन महिने लिहावं. त्यातून कोणतं पेय सोडायचं आणि कोणत्या दिवशी पेल्याला हातच लावायचा नाही, ते त्याचं त्यालाच दिसतं. झटक्याची गोळी दुखणं चढायला लागताच घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर ती नीट शोषली जात नाही. ट्रिप्टान जातीच्या गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस घेण्याची सवय लागली, तर गोळ्याच डोकेदुखीचं कारण बनतात. हृदयविकार असणाऱ्यांनी ट्रिप्टान घेऊ नये. आणि डोकं एका क्षणात वीज पडल्यासारखं दुखलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर ती नेहमीची अर्धशिशी समजू नये.

आता अंगठा. गाऊट हे यातलं सगळ्यात उशिरा येणारं आणि सगळ्यात गैरसमजात सापडलेलं दुखणं. रक्तात युरिक अ‍ॅसिड डेसिलिटरला सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही. गार होत चाललेल्या चहात जास्तीची साखर तळाशी बसावी तसे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचतात. शरीराचा सगळ्यात थंड भाग पाय, आणि पाय सगळ्यात थंड पडतात रात्री. म्हणून अंगठा, आणि म्हणून तीन वाजता.

अल्कोहोल इथं तीन बाजूंनी काम करतं. यकृत ते मोडतं तेव्हा पेशींतलं ऊर्जेचं द्रव्य खर्ची पडतं आणि त्याच्या उरलेल्या भागातून युरिक अ‍ॅसिड तयार होतं. त्याच वेळी रक्तात लॅक्टेट वाढतं, आणि त्यामुळे मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याऐवजी परत आत ओढतं. बिअर या दोन्हींत आणखी भर घालते, कारण यीस्ट आणि बार्लीतून आलेली प्युरिनं तिच्यात आयतीच असतात. त्या रात्री कलेजी, सुकट आणि लघवी वाढवणारी गोळी हेही जोडीला होते. दारूत मिसळलेलं गोड कोल्ड्रिंकही युरिक अ‍ॅसिड वाढवतं. बिअर सगळ्यात वाईट हे खरं, पण गाऊट आधीच असलेल्यांत वाइन आणि व्हिस्कीही पुढच्या चोवीस तासांत झटका आणू शकतात, हे अमेरिकेतल्या 2014 च्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे ‘बिअर सोडून व्हिस्की घेतो’ ही पळवाट नाही. मुतखड्यावर औषध म्हणून बिअर पिण्याचा सल्ला तर गाऊटच्या रुग्णानं मुळीच ऐकू नये.

याउलट आपल्याकडे युरिक अ‍ॅसिड वाढलं की पहिल्यांदा काय बंद होतं? तूरडाळ आणि पालक. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. भाज्या आणि डाळींतल्या प्युरिनांमुळे गाऊटचा धोका वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ताटातली डाळ जाते आणि शनिवारची बिअर राहते.

झटका आला तेव्हा आपल्या माणसाच्या अंगठ्याला घरच्यांनी तेल चोळून गरम शेक दिला. त्यानं वेदना वाढली. करायचं ते असं: पाय उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाणी प्यावं, आणि डॉक्टरांनी ठरवलेलं औषध पहिल्या दिवसातच सुरू करावं. कोल्चिसिन, दाहशामक गोळी किंवा स्टेरॉइड, यांपैकी काय द्यायचं ते मूत्रपिंड, पोट आणि साखर पाहून ठरतं. कोल्चिसिन जुलाब लागेपर्यंत तासातासाला देण्याची जुनी पद्धत आता सोडली आहे, कमी मात्रा तितकंच काम करते. त्याच दिवशी रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड नॉर्मल दिसू शकतं, कारण झटक्यात ते तात्पुरतं उतरतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. सांध्याबरोबर थंडीताप असेल तर आत पू झालेला नाही याची खात्री सांध्यातलं पाणी काढूनच होते.

झटका आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपही शमतो. सांधा बरा झाला असं वाटतं, स्फटिक मात्र आत तसेच असतात. पथ्यानं आणि मद्य सोडल्यानं आकडा थोडाच उतरतो. वारंवार झटके येणाऱ्याला अ‍ॅलोप्युरिनॉलसारखं रोजचं औषध लागतं. ते 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेनं सुरू करून आकडा 6 च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक हलू लागतात आणि झटके उलट वाढतात, तेव्हा अनेक जण ‘औषध बाधलं’ म्हणून ते सोडून देतात. हे आधी सांगितलेलं असावं आणि त्या काळात कोल्चिसिनची छोटी मात्रा सोबत असावी. एक अपवाद आहे: अंगावर पुरळ उठलं तर अ‍ॅलोप्युरिनॉल लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. रक्तदाबाची गोळी बदलता येते का, हेही त्याच भेटीत विचारावं.

आपल्या माणसाची मोठी चूक सकाळच्या गोळीत होती. डोकं आणि अंगठा, दोघांनाही तीच दाहशामक गोळी उतारा वाटते. पण मद्यानं आधीच चुरचुरलेल्या जठरात, रिकाम्या पोटी घेतली तर तिनं रक्तस्राव होऊ शकतो, आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर ती मूत्रपिंडावरही ताण आणते. रोज पिणाऱ्याला पॅरासिटामॉलही जपून, मात्रा विचारूनच घ्यावं लागतं. म्हणून तिन्ही त्रास असणाऱ्यानं तिन्ही एकाच डॉक्टरला सांगावेत, वेगवेगळ्या दुकानांतून तीन गोळ्या आणू नयेत.

आणि जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्यानं हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं हे अशा वेळी दोन-तीन दिवसांत घडू शकतं आणि जिवावर बेतू शकतं. त्याची सोडण्याची पहिली पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पडायला हवी.