छत्तीस हजारांची तूट, आणि खरी किती?

मार्चएंडला किराणा दुकानदाराची अडचण ठरलेली असते. टॅलीत शिल्लक माल एक दिसतो आणि रॅकवर मोजलेला दुसराच निघतो. सीएकडून फोन येतो, ‘फरक कशाचा, ते लिहून पाठवा.’ दुकानदार दोन ओळी खरडतो, ‘माल खराब झाला, घट आली.’ ही दोन ओळींची चिठ्ठी मात्र महागात पडू शकते.

तालुक्याच्या गावातलं एक दुकान उदाहरणादाखल घेऊ. पुस्तकात 31 मार्चचा साठा 8 लाख 40 हजारांचा आणि मोजणीच्या वहीत 8 लाख 4 हजारांचा. म्हणजे 36 हजार कमी. सगळी घट म्हणून दाखवली तर नफा तेवढाच घटतो. वर्षाच्या सुरुवातीचा माल अधिक खरेदी, त्यातून शेवटचा शिल्लक माल वजा केला की विकलेल्या मालाची किंमत निघते. शेवटचा आकडा उतरला की तोट्याची बाजू आपोआप फुगते. एवढी मोठी घट पाहिल्यावर कर अधिकारी हा माल बिलाविना विकला गेला का, असं विचारणारच.

या दुकानदाराने जरा नेटाने पत्र लिहिलं. पहिलाच खुलासा तारखेचा होता: ‘साहेब, मोजणी 31ला जमली नाही, 1 एप्रिलला रात्री दुकान बंद केल्यावर केली. त्या दिवशी विकलेला माल खरेदीच्या दराने 15 हजारांचा होतो, तो मिळवून घ्यावा.’ इथे गल्ल्यातली रक्कम मिळवून चालत नाही, कारण तिच्यात दुकानदाराचा नफा आणि जीएसटीही असतो.

दुसरा मुद्दा तेलाचा. डिस्ट्रिब्युटरने 30 मार्चला 22 हजारांचं बिल फाडलं, ते पुस्तकात चढलं, पण डबे 3 एप्रिलला उतरले. माल वाटेत दुकानदाराच्या जोखमीवर असेल तर तो त्याच्या साठ्यात धरायचा. नसेल तर ती खरेदीच पुढच्या वर्षात जाते. काहीही झालं तरी ही तूट नव्हे. त्या बिलाचं जीएसटी क्रेडिट मात्र माल हाती आल्यावरच मिळतं, म्हणून ते मार्चच्या रिटर्नमध्ये घेता येत नाही.

मुदत संपलेली बिस्किटं कंपनीच्या माणसाने परत नेली होती, पण 5 हजारांची क्रेडिट नोट आलेली नव्हती. दुकानात माल नाही आणि पुस्तकातून तो उतरलेला नाही. हा पैसा डिस्ट्रिब्युटरकडून येणं आहे.

हिशेब इथेच संपता तर तूट उलटी पडली असती! 15, 22 आणि 5 मिळून 42 हजार होतात, फरक तर 36चाच. साबण-शाम्पूचं रॅक मोजणाऱ्या पोऱ्याने खरेदीचा दर न लिहिता पाकिटावरची एमआरपी लिहिली होती आणि त्या एका रॅकचा माल 14 हजारांनी जास्त धरला गेला होता. चुका दोन्ही दिशांच्या असल्या की एकमेकींना झाकतात, आणि खालचा आकडा पाहून कुणालाच शंका येत नाही. वहीतली एखादी ओळ खरेदीबिलाशी ताडून पाहिली की हे लगेच कळतं: दर बिलापेक्षा सरसकट वर असेल तर एमआरपी घुसली. क्रेडिट मिळणाऱ्या दुकानदाराने दर जीएसटी वगळून धरायचा असतो. एरवी नियम खरेदी किंमत किंवा प्रत्यक्ष मिळू शकणारी किंमत, यांपैकी कमी ती धरण्याचा आहे.

42 हजारांतून हे 14 वजा केले की 28 हजारांचा उलगडा होतो आणि 8 हजार उरतात. त्यांतला साडेचार हजारांचा चहा, तेल, साबण वर्षभर घरी गेला. बहुतेक दुकानदार हे लिहिताना संकोचतात, पण ती चोरी नाही, मालकाची उचल आहे. ती धंद्याच्या खर्चात धरता येत नाही, आणि तिच्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही परत करावं लागतं.

उरले साडेतीन हजार. पोत्यातून सुटी साखर तोलताना सांडलेली, गुळाला सुटलेलं पाणी, उंदरांनी कुरतडलेली पाकिटं. खरी घट एवढीच. पाकिटं फेकली त्या दिवशीच वहीत नोंद करून फोटो काढलेला होता, म्हणून सीएने ती बिनतक्रार मान्य केली. फेकलेल्या मालावरचं क्रेडिटही सोडावं लागतं. सुट्या तूरडाळीसारख्या करमुक्त मालाला तो प्रश्न येत नाही.

पत्र वाचून सीएने एकच उलटा प्रश्न केला, ‘गेल्या मार्चलाही ते रॅक त्याच पोऱ्याने मोजलं होतं का?’ मोजलं असेल तर या वर्षीचा सुरुवातीचा मालही फुगलेला आहे, म्हणजे गेल्या वर्षी नफा जास्त दिसला आणि यंदा तेवढाच कमी दिसणार. दुकानदार आता जुनी वही शोधतो आहे.