तेरा मिनिटांचा नवांश

तुळशीचे लग्न लागले की भंडारा जिल्ह्यात पत्रिकांची देवाणघेवाण सुरू होते. धान कापून खळ्यावर आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, आणि पवनी, साकोली, तुमसरकडचे पाहुणे मुली पाहायला निघतात. पत्रिकेच्या कागदावर दोन चौकोन असतात. पहिली लग्नकुंडली. तिच्या शेजारच्या दुसऱ्या चौकोनाकडे घरचे लोक सहसा पाहतही नाहीत; ज्योतिषी मात्र गुणमेलन आटोपल्यावर तिथेच रेंगाळतो. ती नवांश कुंडली.

छत्तीस गुणांचे सगळे गणित एकट्या चंद्राच्या नक्षत्रावर आणि राशीवर उभे असते. बाकीचे ग्रह कुठे आहेत हे त्यात येतच नाही. म्हणून ‘गुण तर अठ्ठावीस जुळले, मग पत्रिका का परत केली?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्या चौकोनात असते. पाराशरी परंपरेत सोळा वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी जोडीदाराचा विचार नवांशावरून करावा, असा संकेत आहे.

नवांश काढायला फार गणित लागत नाही. तीस अंशांच्या राशीचे नऊ भाग केले की एकेक भाग ३ अंश २० कलांचा होतो. नक्षत्राचा एक चरणही तेवढाच. बारा राशींचे मिळून १०८ भाग होतात. मोजणी कुठून सुरू करायची तेवढे लक्षात ठेवावे लागते: मेष, सिंह, धनू या अग्निराशींचा पहिला नवांश मेष; वृषभ, कन्या, मकर यांचा मकर; मिथुन, तूळ, कुंभ यांचा तूळ; आणि कर्क, वृश्चिक, मीन यांचा कर्क.

आता एक शुक्र घेऊ. विवाहाचा कारक म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. समजा तो कन्या राशीत आठ अंशांवर आहे. कन्येत शुक्र नीच, त्यामुळे लग्नकुंडली पाहून मुलाकडचे नाक मुरडतात. पण आठ अंश म्हणजे तिसरा नवांश. मकर, कुंभ, मीन असे मोजले की शुक्र मीनेत येतो, आणि मीन ही त्याची उच्च रास. ज्योतिषी ज्याला ग्रहाचे आतले बळ म्हणतात ते हेच. अशा शुक्राबद्दल ते सांगतात की सुरुवात रडतखडत होईल, पण संसार टिकेल.

हाच शुक्र कन्येत अठ्ठावीस अंशांवर असता तर तो नवव्या नवांशात, म्हणजे पुन्हा कन्येतच आला असता. राशीत आणि नवांशात एकच रास आली की ग्रहाला वर्गोत्तम म्हणतात. हा शब्द कानावर पडला की यजमान खूश होतात. पण इथे शुक्र दोन्हीकडे नीच आहे. वर्गोत्तम ग्रहाला बळ असते असे परंपरा म्हणते, मग दुप्पट नीच शुक्राला बळ कसले? यावर ज्योतिष्यांत एकमत नाही. नुसता ‘वर्गोत्तम’ शब्द ऐकून हुरळून जाऊ नये, एवढे खरे.

शनीची गंमत याच्या उलट आहे. तुळेत तो उच्च, आणि वीस अंशांवर परमोच्च. पण तुळेचा सातवा नवांश नेमका वीस अंशांनंतर सुरू होतो, आणि तो मेषेचा, म्हणजे शनीच्या नीच राशीचा आहे. शिखर ओलांडताच शनी नवांशात पायथ्याशी आलेला असतो. म्हणून नुसती रास सांगून चालत नाही, अंश विचारावे लागतात.

आणि अंश विचारले की वेळेचा प्रश्न येतो.

शुक्र एका नवांशात साधारण पावणेतीन दिवस असतो, चंद्र सहा तास. लग्नबिंदू मात्र सरासरी तेरा मिनिटांत पुढच्या नवांशात जातो. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसतेच. ती दवाखान्याच्या कागदावर शोधावी लागते, नाहीतर आजीच्या आठवणीवर भिस्त. ‘रोवणीच्या दिवसांत, दिवे लागणीला’ एवढ्यावर लग्नकुंडली कशीबशी मांडता येते. नवांशलग्नाचा भरवसा देता येत नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे देशातली घड्याळे तासभर पुढे होती. त्या काळातल्या आजोबांची पत्रिका काढताना हा तास वजा केला नाही तर लग्नरासही बदलू शकते.

भंडाऱ्याच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, भंडारा ७९.६५ च्या आसपास. त्यामुळे स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे साडेअकरा मिनिटे मागे. मुंबई मात्र सुमारे ३९ मिनिटे मागे. दोन्ही शहरांत सत्तावीस मिनिटांचा फरक आहे, म्हणजे दोन नवांशांचा. समजा भंडाऱ्यात जन्मलेल्या मुलीचे लग्न सिंहेत १४ अंश आहे. हा सिंहेचा पाचवा भाग, म्हणून नवांशलग्नही सिंह, वर्गोत्तम. कोणी घाईत जन्मस्थळ मुंबईच ठेवून पत्रिका छापली तर लग्न सुमारे सहा अंश मागे सरकते आणि नवांशलग्न मिथुन होते. सिंहेपासून सातवी रास कुंभ, तिचा स्वामी शनी. मिथुनेपासून सातवी धनू, स्वामी गुरू. एका कागदावर नवरा वयाने मोठा, गंभीर, लग्नाला उशीर. दुसऱ्यावर शिकलेला, धार्मिक घरचा. मुलगी तीच! जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मात्र ही भीती नाही. साकोली आणि भंडारा यांत दीड मिनिटाच्या आतबाहेरच फरक पडतो.

महाराष्ट्रात तर पंचांगही विचारावे लागते. टिळक पंचांग रेवतीतल्या ताऱ्यावरून अयनांश धरते, इतर बहुतेक पंचांगे चित्रेच्या ताऱ्यावरून. मेघनाद साहा यांच्या समितीनेही १९५५च्या अहवालात चित्रेच्या जवळचेच मान घेतले. दोन्हींत सुमारे चार अंशांचे अंतर, म्हणजे एका नवांशापेक्षा जास्त. वरचा आठ अंशांचा शुक्र टिळक मानाने बारा अंशांवर जातो, चौथ्या नवांशात, मेषेत. उच्चपणा गेला. दोन पंचांगांच्या पत्रिका शेजारी ठेवून नवांश ताडून पाहणारे लोक हे विसरतात आणि भांडत बसतात.

हे सगळे परंपरेचे आतले गणित झाले. ते भविष्य सांगते का, हा वेगळा प्रश्न. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे यश सुमारे ४६ टक्के होते, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा बरे नाही. त्या चाचणीत विवाहाचा प्रश्न नव्हता. पण नवांशावरून ठाम बोलणाऱ्याला हा आकडा माहीत असावा.

पत्रिका हातात आली तर घरच्या घरी एक तपासणी करता येते. बारशाला ठरलेले जन्मनावाचे अक्षर नक्षत्रचरणावरून काढलेले असते, आणि चरण म्हणजेच चंद्राचा नवांश. अक्षर ‘वा’ असेल तर रोहिणीचा दुसरा चरण, वृषभेचा पाचवा नवांश. म्हणजे दुसऱ्या चौकोनातही चंद्र वृषभेतच हवा. तो मिथुनेत दिसला तर पंचांग बदललेले आहे, नाहीतर तारीख-वेळ चुकलेली आहे. तपासणी जुळली तरी तिने फक्त चंद्राची खात्री होते. लग्नबिंदूसाठी दवाखान्याचा कागदच शोधावा लागतो.