एक रुग्ण, दहा प्रश्न : अ‍ॅड्रिनलची विकृती

मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर, आता कोलकात्यात राहतो. अंतिम वर्षाच्या परीक्षेत एका प्रश्नाला चार उत्तरं असतात, त्यांतली दोन-तीन खरीच वाटतात आणि निवडायचं असतं सर्वात योग्य एक. म्हणून आज दहा सुटे प्रश्न घेत नाही. एकच रुग्ण घेऊ, आणि तो वॉर्डात जसा उलगडतो तसे प्रश्न सोडवू. रुग्ण रचलेला आहे, पण असे रुग्ण या गंगेच्या खोऱ्यात खरोखर येतात. व्हिडिओ बघताना जसं थांबवता, तसं इथंही स्पष्टीकरण झाकून आधी उत्तर ठरवा.

वय ५२, धान्याच्या गोदामात काम. चार महिने वजन घटतंय, बारीक ताप, उभं राहिलं की चक्कर. रक्तदाब झोपून ९०/६०, उभं राहून ७४/५०. तळहाताच्या रेषा आणि गालाची आतली त्वचा काळवंडलेली. सोडियम १२४, पोटॅशियम ५.९, साखर ६२. दहा दिवसांपूर्वी कुणीतरी अंदाजानं क्षयाची औषधं सुरू केली. तेव्हापासून उलट्या, आणि आज तो ग्लानीत आहे.

प्रश्न १. दोष पिट्यूटरीत नसून अ‍ॅड्रिनलमध्येच आहे, हे सर्वात ठामपणे कोणती खूण सांगते?
(अ) वजन घटणं (ब) कमी सोडियम (क) काळवंडणं (ड) कमी साखर

उत्तर (क). कॉर्टिसोल घटलं की पिट्यूटरी जास्त एसीटीएच सोडते आणि ते त्वचेतल्या रंगपेशींना चेतवतं. पिट्यूटरीच बिघडली असेल तर एसीटीएच वाढत नाही, त्वचा उलट फिकी दिसते. बाकी तीन खुणा दोन्हीकडे सापडतात.

प्रश्न २. पोटॅशियम का वाढलं?
(अ) कॉर्टिसोलची उणीव (ब) अल्डोस्टेरॉनची उणीव (क) उलट्या (ड) अ‍ॅड्रिनॅलिनची उणीव

उत्तर (ब). अल्डोस्टेरॉन कॉर्टेक्सच्या बाहेरच्या थरात, झोना ग्लोमेरुलोसात तयार होतं. तो थर रेनिन-अँजिओटेन्सिनच्या हुकमात असतो. म्हणून पिट्यूटरीच्या आजारात तो वाचतो आणि पोटॅशियम वाढत नाही. उलट्यांनी पोटॅशियम घटायला हवं होतं.

प्रश्न ३. या क्षणी पहिलं काम कोणतं?
(अ) सीटी स्कॅन (ब) इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज (क) फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी (ड) शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि नॉर्मल सलाइन

उत्तर (ड). सुई घालताना कॉर्टिसोल आणि एसीटीएचसाठी रक्त काढून ठेवा, पण रिपोर्टची वाट बघू नका. साखर आधीच कमी आहे, त्यामुळे साखरेकडे न बघता पोटॅशियमसाठी इन्सुलिन देणं धोक्याचं. पुढच्या २४ तासांत साधारण २०० मिलिग्रॅम द्या. या मात्रेत हायड्रोकॉर्टिसोन अल्डोस्टेरॉनचंही काम करतं, म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोनची घाई नको. अ‍ॅड्रिनल क्रायसिसमध्ये जीव जातो तो संशयाअभावी. औषध तर प्रत्येक कॅज्युअल्टीत असतं.

प्रश्न ४. क्षयाच्या औषधांनंतरच तो का कोसळला?
(अ) आयसोनियाझिडनं यकृत बिघडलं (ब) रिफाम्पिसिननं कॉर्टिसोलचं विघटन वाढवलं (क) पायराझिनामाइडनं युरिक आम्ल वाढलं (ड) औषधाची अ‍ॅलर्जी

उत्तर (ब). रिफाम्पिसिन यकृतातली सीवायपी३ए४ विकरं वाढवतं. निरोगी ग्रंथी जास्त कॉर्टिसोल बनवून भरपाई करते. या माणसाकडे शिल्लकच नव्हती. हे दुखणं दिसायला लागेपर्यंत कॉर्टेक्सचा सुमारे ९० टक्के भाग गेलेला असतो. म्हणून रिफाम्पिसिन सुरू करण्याआधी रक्तदाब उभं करूनही मोजा.

प्रश्न ५. रुग्ण सावरल्यावर निदान पक्कं कशानं कराल?
(अ) संध्याकाळचं कॉर्टिसोल (ब) डेक्सामेथासोन सप्रेशन चाचणी (क) शॉर्ट सिनॅक्थेन चाचणी आणि एसीटीएच (ड) २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसोल

उत्तर (क). २५० मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन देऊन ३० किंवा ६० मिनिटांनी कॉर्टिसोल मोजतात. ते साधारण १८ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं नाही तर उणीव नक्की. नव्या पद्धतींच्या लॅबमध्ये ही रेषा थोडी खाली असते. एसीटीएच वाढलेलं असेल तर दोष अ‍ॅड्रिनलचाच. चाचणीपूर्वी हायड्रोकॉर्टिसोनचा डोस थांबवावा लागतो, कारण लॅब तेही कॉर्टिसोल म्हणूनच मोजते. (ब) आणि (ड) जास्त कॉर्टिसोल शोधायला, म्हणजे कुशिंगसाठी.

प्रश्न ६. सीटीत दोन्ही ग्रंथी मोठ्या, मध्यभागी काळसर. यातून कोणतं कारण मागे पडतं?
(अ) क्षय (ब) हिस्टोप्लाझ्मोसिस (क) कर्करोगाचा प्रसार (ड) ऑटोइम्यून अ‍ॅडिसन

उत्तर (ड). ऑटोइम्यून आजारात कॉर्टेक्स झिजतो, ग्रंथी लहान होतात, मेड्युला मात्र वाचतो. बाकी तिन्ही ग्रंथी फुगवू शकतात. जुन्या क्षयात ग्रंथी आक्रसून त्यात कॅल्शियम साठतं.

प्रश्न ७. ग्रंथीत सुई घालण्यापूर्वी काय तपासलंच पाहिजे?
(अ) मेटानेफ्रिन्स (ब) रेनिन (क) डीएचईए (ड) थायरॉइड

उत्तर (अ). गाठ फिओक्रोमोसायटोमाची निघाली तर सुईच्या धक्क्यानं रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. इथं शक्यता कमी आहे, पण हा नियम मोडायचा नाही.

प्रश्न ८. मॅक्रोफेजच्या आत २ ते ४ मायक्रॉनचे लंबगोल ठिपके दिसले. हिस्टोप्लाझ्मा कशावरून म्हणाल?
(अ) कायनेटोप्लास्ट (ब) आम्लरोधी रंग (क) जाड कॅप्सूल (ड) सिल्व्हर रंगात काळी भिंत आणि अरुंद मानेची कळी

उत्तर (ड). कायनेटोप्लास्ट लिशमॅनियात असतो. लिशमननं काळा आजाराचा जंतू १९०३ मध्ये वर्णिला, तो इथल्याच डमडमला राहिलेल्या सैनिकाच्या प्लीहेतला. तीन वर्षांनी डार्लिंगनं पनामात हिस्टोप्लाझ्माला नाव दिलं, तेव्हा त्यालाही तो लिशमॅनियासारखाच परजीवी वाटला होता. ‘कॅप्सुलेटम’ नावाला फसू नका. भोवतीचं वलय हे स्लाइड बनवताना पेशी आक्रसल्यानं दिसतं. जाड कॅप्सूल क्रिप्टोकॉकसला असते. भारतातला पहिला हिस्टोप्लाझ्मोसिसचा रुग्ण १९५४ साली कलकत्त्यातूनच नोंदला गेला. पुढे बंगालच्या मातीतही ही बुरशी सापडली. पक्षी-वटवाघळांच्या विष्ठेनं माखलेली धूळ श्वासातून आत जाते, म्हणून कामाची जागा विचारा.

प्रश्न ९. उपचार कोणता?
(अ) फ्लुकोनाझोल (ब) लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, मग इट्राकोनाझोल (क) इट्राकोनाझोल आणि रिफाम्पिसिन दोन्ही (ड) क्षयाची औषधं चालू ठेवणं

उत्तर (ब). आजार पसरलेला आणि गंभीर आहे, म्हणून एक ते दोन आठवडे अ‍ॅम्फोटेरिसिन आणि पुढे किमान वर्षभर इट्राकोनाझोल. अ‍ॅम्फोटेरिसिननं पोटॅशियम घटतं. कालपर्यंत वाढलेलं पोटॅशियम आता दुसऱ्या बाजूला घसरू शकतं, रोज पाहा. (क) मोहक आहे, पण रिफाम्पिसिन इट्राकोनाझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं.

प्रश्न १०. वर्षभरानं बुरशी गेली, वजन भरलं. घरी जाताना काय सांगाल?
(अ) हायड्रोकॉर्टिसोन बंद करा (ब) गरज वाटली तर घ्या (क) फक्त फ्लुड्रोकॉर्टिसोन घ्या (ड) दोन्ही चालू ठेवा आणि तापात हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट करा

उत्तर (ड). जंतू मेला तरी गेलेला कॉर्टेक्स बहुधा परत येत नाही. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन हवं, आणि तेही लगेच. रुग्णाच्या खिशात ‘मी स्टेरॉइडवर आहे, बंद करू नका’ अशी चिठ्ठी ठेवा. इथं ती बंगालीत लिहून घ्या; रात्री कॅज्युअल्टीत त्याला कुणी आणलं तर आणणाऱ्याला वाचता आली पाहिजे.

आता पुन्हा पहिल्या परिच्छेदाकडे जा. काळ्या रेषा, उभं राहिल्यावर पडलेला रक्तदाब आणि पोटॅशियम ५.९, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी समोर होत्या. दहाव्या प्रश्नापर्यंतची वाट तिथूनच निघते.