किल्ली हातात, तरी गाडी म्हणते ‘नाही’

पहाटे गाडीत बसून बटण दाबावे आणि पडद्यावर ‘Key Not Detected’ झळकावे, म्हणजे गाडी बिघडली असे नव्हे. बहुतेक वेळा किल्लीतला बटणाएवढा सेल संपत आलेला असतो. त्याआधी काही दिवस ‘Key Battery Low’ दिसते, दार जवळ गेल्यावरच उघडते.

दार उघडत नसेल तर किल्लीच्या बाजूची छोटी कळ सरकवून आतली धातूची किल्ली काढावी. तिने दार उघडल्यावर काही गाड्यांत अलार्म वाजतो; गाडी सुरू झाली की थांबतो.

आता ब्रेक दाबून किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवावी आणि बटण दाबावे. किल्लीतल्या चिपला सेल लागत नाही; गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते. पण हे क्षेत्र जेमतेम काही सेंटिमीटर पोहोचते, म्हणून टेकवणे आवश्यक. काही गाड्यांत ही जागा कन्सोलमध्ये किंवा कपहोल्डरजवळ असते. ती मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते.

इंजिन बंद केल्यावर हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो, त्यामुळे सेल लगेच बदलावा. अनेक किल्ल्यांत तीन व्होल्टचा CR2032 बसतो. नवा सेल घालूनही संदेश राहिला, तर किल्ली मोबाइलपासून दूर धरून पाहावी.